कोलाट्स अटकळ

अंकशास्त्रातील एक अद्याप असिद्ध विधान. कोणताही धन पूर्णांक घ्यावा; तो सम असल्यास त्याला २ ने भागावे व विषम असल्यास त्याची तिप्पट करून तीत १ मिळवावा. येणाऱ्या संख्येवर हीच क्रिया पुन:पुन्हा केल्यास शेवटी १ ही संख्या मिळतेच, असे हे विधान आहे. जर्मन गणितज्ञ लोथार कोलाट्स (१९१०–९०) यांच्या नावाने ते ओळखले जाते. ‘३न + १ समस्या’ असेही त्यास म्हणतात. १ पर्यंत पोहोचण्यास लागणाऱ्या क्रियांची संख्या म्हणजे त्या पूर्णांकाची पायरीसंख्या होय.

उदा., ७ पासून आरंभ केल्यास ७, २२, ११, ३४, १७, ५२, २६, १३, ४०, २०, १०, ५, १६, ८, ४, २, १ ही क्रमिका मिळते. हीत ५ तिपटी व ११ निमपटी आहेत, म्हणून ७ ची पायरीसंख्या १६ आहे. तिपटीनंतर येणारी संख्या नेहमी सम असल्याने काही लेखक तिपटीची क्रिया व तिच्या लगतची निमपट मिळून एकच पायरी धरतात. त्या रीतीने ७ ची पायरीसंख्या ११ येते. निरनिराळ्या कोष्टकांची तुलना करताना हा भेद आधी पाहणे आवश्यक असते.

पायरीसंख्या मूळ संख्येच्या आकारमानाबरोबर नियमितपणे वाढत नाही. २६ ला १० पायऱ्या लागतात, २८ ला १८ लागतात. परंतु मधल्या २७ ला १११ लागतात आणि वाटेत ही क्रमिका ९,२३२ पर्यंत चढते. याचे कारण आरंभीच दिसते. २७, ८२, ४१, १२४, ६२, ३१ अशा पाच पायऱ्यांनी ३१ येते व ही संख्या २ च्या पाचव्या घातापेक्षा १ ने कमी आहे. अशा संख्येच्या बाबतीत प्रत्येक तिपटीनंतर एकदाच निमपट होऊन पुन्हा विषम संख्या येते. त्यामुळे ३१, ४७, ७१, १०७, १६१ असे पद दर खेपेस सुमारे दीडपट होत जाते व पाचव्या खेपेस २४२, म्हणजे ३ च्या पाचव्या घातापेक्षा १ ने कमी असलेली संख्या मिळते. पाचाऐवजी कितीही मोठा घात घेता येत असल्याने हा सलग चढ वाटेल तितका लांबविता येतो.

असे असूनही क्रमिका खाली येते, असे का मानतात? तिपटीनंतरची संख्या सर्वसाधारणपणे निम्म्या वेळा एकदाच, पाव वेळा दोनदा, अष्टमांश वेळा तीनदा याप्रमाणे २ ने भागली जाते. सरासरी दोन निमपटी पडतात. म्हणजे एका विषम संख्येपासून पुढील विषम संख्येकडे जाताना सरासरीने तिचे तीन चतुर्थांश होतात. या हिशोबाने २७ ला सु. १२ तिपटी पुरावयास हव्यात. प्रत्यक्षात ४१ तिपटी व ७० निमपटी लागतात, म्हणजे तिपटीमागे सु. १·७१ निमपटी. हे प्रमाण सु. १·५८५ च्या खाली गेल्यास उतार संपून चढ सुरू होतो. हा युक्तिवाद संभाव्यतेचा आहे, सिद्धतेचा नव्हे. एखादी विशिष्ट संख्या सरासरीप्रमाणे वागेलच, असे त्यातून निघत नाही.

लगतच्या काही संख्यांची पायरीसंख्या मात्र समान असते आणि ते सिद्ध करता येते. ८क + ४ या संख्येपासून ४क + २, २क + १, ६क + ४ ही पदे मिळतात. ८क + ५ पासून २४क + १६, १२क + ८, ६क + ४ ही मिळतात. दोन्ही क्रमिका तीन पायऱ्यांनी एकत्र येतात, म्हणून १२ व १३ (प्रत्येकी ९), २० व २१ (प्रत्येकी ७) आणि २८ व २९ (प्रत्येकी १८) यांच्या पायऱ्या सारख्याच. क = ० हा अपवाद होय, कारण ४ ही संख्या तिसऱ्या पायरीपूर्वीच १ ला पोहोचते.

अटकळ खोटी ठरण्याचे दोनच मार्ग आहेत : एखादी क्रमिका अमर्याद वाढत जाणे किंवा ४, २, १ याहून वेगळ्या चक्रात अडकणे. २०२० पर्यंत संगणकाने २ च्या ६८ व्या घातापर्यंतच्या सर्व संख्या तपासल्या गेल्या व अपवाद आढळला नाही. टेरेन्स टाओ यांनी २०१९ मध्ये जवळजवळ सर्व संख्यांच्या क्रमिका मूळ संख्येच्या मानाने अतिशय खाली उतरतात, असे दाखविले. परंतु ‘जवळजवळ सर्व’ म्हणजे ‘सर्व’ नव्हे. तिपटीत १ मिळविण्याऐवजी १ वजा केल्यास वरील सरासरी तशीच राहते, तथापि ५, १४, ७, २०, १०, ५ असे नवे चक्र तत्काळ सापडते. म्हणून केवळ सरासरीवर आधारलेली कोणतीही सिद्धता येथे पुरी पडणार नाही. मिळविलेल्या १ चा तिच्यात उपयोग करावाच लागेल.