ड्रमरचा निरोप

"मित्रांनो, पुढच्या महिन्यात बेंगळुरूला रुजू होतोय. घराचा हप्ता गाण्यांवर निघत नाही." पुण्यातल्या एका हौशी बँडच्या ड्रमरने कारण एवढ्यात उरकलं. ऑनलाइन सरावाची वाटही त्याने स्वतःच बंद केली: आवाज पोचायला सेकंदाचा विसावा भाग लागला, तरी वाजवणारे एकमेकांसाठी थांबतात आणि लय रेंगाळते.

उरलेलं पत्र नव्या गड्यासाठी आहे. "शेवटचं गाणं मिनिटाला ११२ ठोक्यांवर बसवलंय. कोरस आला की मी ११८ पर्यंत पळतो आणि बासवाला मला सांभाळून घेतो. नव्याला ही सवय लावू नका. सुरुवातीला कानात क्लिक ठेवून वाजवू द्या. स्नेअर खोलीतच ठेवतोय, झांजा नेतोय."

झांजांबाबत कुणी तक्रार करू नये. त्या ड्रमर स्वतःच्या कानाने निवडतो.