‘सात दिवसांच्या आत’ हे शब्द गेले कुठे?

डोंबिवली एमआयडीसीत 26 मे 2016 ला स्फोट झाला, आणि त्यानंतर आठ वर्षांनी, 23 मे 2024 ला, पुन्हा. दोन्ही वेळा कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या इमारतींच्या काचा फुटल्या. कल्याणकरांना उल्हास आणि वालधुनीचं पाणी 2005 पासून चांगलंच ओळखीचं आहे. त्यामुळे ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एखाद्या विमा सल्लागाराने घरविम्यावर दीड-दोन हजार शब्दांचा लेख लिहिला, तर तो वाचला जाण्याची शक्यता भरपूर. हा लेख सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाठवण्यासाठी आठवडाभराच्या छोट्या पोस्टमध्ये विभागायचा ठरतो, आणि गैरसमजांना तिथून सुरुवात होते. पहिला आणि सगळ्यांत रुजलेला गैरसमज असा, की लेख बरोबर असला म्हणजे त्याचे तुकडेही आपोआप बरोबर असतात.

ते तसं का नसतं, हे ‘भारत गृह रक्षा’वरून छान समजतं. विमा नियामकाने (आयआरडीएआयने) ठरवून दिलेली ही प्रमाणित घरविमा पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून लागू आहे. आग, स्फोट, पूर, वादळ, भूकंप, दंगल अशा घटनांची यादी तिच्यात आहे, आणि यादीच्या शेवटाकडे चोरी आहे. पण कोणतीही चोरी नव्हे. तरतुदीचा आशय असा, की यादीतली एखादी घटना घडल्यापासून 7 दिवसांच्या आत, आणि त्या घटनेमुळे झालेली चोरी. पुरात दार निखळलं, घरातली माणसं नातेवाइकांकडे गेली आणि चौथ्या दिवशी टीव्ही गेला, तर ही तरतूद उपयोगी पडते. दिवाळीत कुटुंब गावी गेलेलं असताना कुलूप तोडून झालेल्या घरफोडीला ती लागू होत नाही. तिच्यासाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. मूळ लेखात हा फरक एका परिच्छेदात व्यवस्थित सांगितलेला असतो. गुरुवारच्या पोस्टमध्ये मात्र जागा कमी म्हणून उरतं ते एवढंच : ‘आग, पूर, स्फोट, चोरी : सगळ्यांपासून घराला संरक्षण.’ यातला एकही शब्द लेखाबाहेरचा नाही, तरीही हे विधान खोटं आहे. नियामकाच्या शब्दांतला महत्त्वाचा भाग नामात नसतो, तो ‘आत’, ‘मुळे’, ‘पर्यंत’ अशा चिमुकल्या शब्दांत असतो, आणि लिहिणारा आधी कात्री लावतो ती यांनाच.

रकमेचंही तसंच. या पॉलिसीत इमारतीची विमा रक्कम चटई क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर अशी काढतात. जमिनीची किंमत त्यात येत नाही. समजा, फ्लॅट 450 चौरस फुटांचा आहे आणि बांधकाम खर्च फुटामागे 2,500 रुपये धरला, तर रक्कम 11,25,000 रुपये होते. घरातल्या सर्वसाधारण सामानाला तिच्या 20 टक्के, म्हणजे इथे 2,25,000 रुपयांचं संरक्षण आपोआप मिळतं. ते 10 लाखांच्या मर्यादेपर्यंत. ‘तुमच्या 50 लाखांच्या घराला संरक्षण’ अशी पोस्ट टाकली, की वाचणारा बाजारभाव डोक्यात धरतो. ‘सामान फुकटात कव्हर’ असं लिहिलं, की दागिनेही त्यात आले असं त्याला वाटतं. मौल्यवान वस्तूंचं संरक्षण ऐच्छिक आहे, ते मागून घ्यावं लागतं. म्हणून रकमेबद्दलच्या पोस्टमध्ये आकडा आणि तो कसा आला हे एकत्रच हवं. दोन्ही मावत नसतील, तर आकडाच गाळावा.

दुसरा गैरसमज : ‘अटी रविवारच्या शेवटच्या पोस्टमध्ये एकदम देऊ.’ पुस्तकात हे चाललं असतं. पण व्हॉट्सअ‍ॅपवरची पोस्ट एकेकटी पुढे जाते. मंगळवारची पोस्ट ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीतून टिटवाळ्याच्या मावशीकडे पोहोचते. रविवारची पोहोचेलच असं नाही. ज्या विधानाला अट आहे, ती अट त्याच पोस्टमध्ये, त्याच चित्रावर हवी. अट चित्राखालच्या मजकुरात ठेवली, तर चित्र एकटंच फॉरवर्ड होतं, हे कुणाही ग्रुप-सदस्याला माहीत आहे.

तिसरा गैरसमज जास्त नाजूक आहे, कारण तो प्रामाणिकपणातून येतो : ‘मी माहिती देतोय, जाहिरात करत नाही.’ 2021 च्या जाहिरात नियमांनी (2024 मध्ये ते पॉलिसीधारक संरक्षणाच्या एकत्रित नियमांत सामावले गेले) जाहिरातीची व्याख्या हेतूवर बेतली. पॉलिसीशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंधित आणि शेवटी विक्रीकडे नेणारा संदेश म्हणजे जाहिरात, मग माध्यम कोणतंही असो. पोस्टखाली स्वतःचा फोन नंबर असला, की हेतूबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. एजंटच्या जाहिरातीला विमा कंपनीची लेखी पूर्वमंजुरी लागते. सूट आहे, पण अरुंद : कंपनीने स्वतः तयार करून दिलेलं साहित्य, नाव-पत्ता-फोन एवढीच माहिती, किंवा आपण कोणत्या प्रकारचे विमे करतो, अनुभव किती, अशी साधी विधानं, ज्यांत विशिष्ट पॉलिसी, तिचे फायदे, हप्ता वा कंपनी यांचा उल्लेख नाही. चोरीच्या कलमाबद्दलची पोस्ट फायद्याबद्दल बोलते, म्हणून ती या सुटीत बसत नाही. आणि कंपनीने मंजूर केलेला असतो तो लेख, त्यातून नवा मथळा आणि नवी काटछाट घेऊन आलेली पोस्ट नव्हे. सहा पोस्ट करायच्या, तर सहाही मसुदे एकत्र मंजुरीला पाठवावेत.

यावर आक्षेप ठरलेला आहे : हे सगळं पाळलं तर पोस्ट लांबते आणि कुणी वाचत नाही. आक्षेप खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. जागा कमी असेल, तर अट गाळायची नाही, विधान गाळायचं. ‘आग, पूर, स्फोट, चोरी’ असं चारही एका दिवशी सांगायचा हव्यास कशाला? गुरुवारची पोस्ट फक्त चोरीची करावी : ‘पुरानंतर घर उघडं पडलं आणि चोरी झाली तर? भारत गृह रक्षामध्ये विमासंरक्षित घटनेमुळे, तिच्यापासून 7 दिवसांच्या आत झालेली चोरी येते. एरवीची घरफोडी येत नाही.’ तीन वाक्यं, आणि अट हीच बातमी. एक घटना, एक तरतूद, एक मर्यादा अशी वाटणी केली, तर लेखाच्या कदाचित पाचच पोस्ट होतील. पाचच होऊ द्याव्यात. आठवड्याला सात दिवस आहेत म्हणून सात मुद्दे जन्माला घालणं हा विमाक्षेत्रातला नव्हे, कॅलेंडरचा आग्रह आहे.

दुसरा आक्षेप भाषेचा : नियामकाचं मराठी कुणाला कळतं? खरंच, ते बरेचदा अनुवादाच्या गिरणीतून आलेलं असतं. पण स्पष्टीकरण आणि तरतूद यांत फरक ठेवावा. स्पष्टीकरण आपल्या बोलीत खुशाल करावं, उदाहरणं कल्याणची द्यावीत. तरतुदीचे आणि सक्तीच्या सूचनांचे शब्द मात्र कंपनीने पुरवलेल्या मराठी मजकुरातून जसेच्या तसे उचलावेत. ‘विक्रीपत्रक काळजीपूर्वक वाचा’ ही सूचना मराठी पोस्टखाली इंग्रजीत चिकटवण्याची पद्धतही सोडावी; सक्तीची सूचना जाहिरातीच्याच भाषेत द्यायची असते. आणि मुदत, टक्केवारी, ‘पर्यंत’ किंवा ‘कमाल’ यांना सोपे पर्याय शोधू नयेत. ‘7 दिवसांच्या आत’चं ‘आठवडाभरात’ करणंसुद्धा नको, कारण दाव्याच्या वेळी दिवस मोजले जातात.

तपासणीची रीत सोपी आहे. प्रत्येक पोस्ट सुटी काढून, लेख न वाचलेल्या माणसाला दाखवावी आणि विचारावं, ‘यातून तुला काय मिळेल असं वाटतं?’ उत्तर पॉलिसीपेक्षा मोठं आलं, तर ती पोस्ट पाठवू नये.