भट्टी कुठे लागली? व्हिनेगर आणि ग्लूटेन

गव्हाला वगळून : लेखांक ९

मागच्या लेखांकात आपण जव म्हणजे बार्लीपर्यंत आलो होतो. गव्हासारखंच जवातही सीलिअ‍ॅक रुग्णाला त्रास देणारं प्रथिन असतं. त्याचं नाव हॉर्डीन, आणि व्यवहारात तेही ग्लूटेनच्याच खात्यावर जातं. मग प्रश्न असा की जवापासून केलेल्या माल्ट व्हिनेगरमध्ये ते उतरतं का? आणि तसं असेल, तर धान्यापासूनच केलेलं डिस्टिल्ड व्हिनेगर निर्धोक कसं ठरतं?

माल्ट व्हिनेगर मूळचं इंग्लंडचं. तिथे ते बटाट्याच्या गरम चिप्सवर शिंपडतात आणि छोटे कांदे मुरवायला वापरतात. ते करण्याची सुरुवात आपल्या नाचणीसत्त्वासारखीच होते. जव भिजवून त्याला मोड आणतात आणि मोड आलेलं धान्य गरम हवेवर वाळवतात, हाच माल्ट. तो भरडून साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवला की मोड येताना तयार झालेली विकरं पिष्टाची साखर करतात. ते गोड पाणी गाळून त्यात यीस्ट सोडलं की बिअरसारखं, पण हॉप्स न घातलेलं पेय तयार होतं. पुढे अ‍ॅसिटिक जिवाणू हवेच्या मदतीने त्यातल्या अल्कोहोलचं अ‍ॅसिटिक आम्ल करतात. शेवटी गाळलं की बाटली भरायला मोकळी.

या सगळ्या वाटेवर प्रथिन बाहेर काढणारी पायरी एकही नाही. चोथा गाळला जातो, प्रथिनाचा बराच भाग त्याच्याबरोबर जातो, काही तळाशी बसतो. पण पाण्यात विरघळलेले तुकडे शेवटपर्यंत सोबत राहतात. मोड येताना आणि आंबताना हॉर्डीन तुटतं हे खरं, पण तुटणं म्हणजे नाहीसं होणं नव्हे. सीलिअ‍ॅक रुग्णाच्या आतड्यातल्या पेशींना अख्खं प्रथिन लागत नाही. ठरावीक क्रमाने जोडलेल्या अमिनो आम्लांचा छोटा तुकडाही त्यांना चिथवायला पुरतो. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर : हो, थोडं असतं.

आता डिस्टिल्ड व्हिनेगर. नावावरून वाटतं की व्हिनेगर तयार करून मग त्याचं ऊर्ध्वपातन केलं असेल. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. मका, गहू किंवा मळी आंबवून त्यातलं अल्कोहोल आधी भट्टीतून काढतात आणि त्या शुद्ध अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून ते जिवाणूंच्या हवाली करतात. म्हणजे भट्टी मध्येच लागते आणि प्रथिन तिथेच अडतं.

ते का अडतं, हे स्वयंपाकघरात पाहता येतं. मिठाचं पाणी झाकण ठेवून उकळा आणि झाकणाला आतून लागलेले थेंब चाखा. ते अळणी लागतात. वाफ होऊन वर जाण्याची ताकद पाण्यात आहे, मिठात नाही. ग्लूटेनचंही तसंच. अल्कोहोल ७८ अंशांना उकळून वर जातं, प्रथिन मात्र भांड्यातच राहतं. म्हणून मूळ धान्य गहू असला तरी नीट ऊर्ध्वपातित केलेल्या अल्कोहोलमध्ये ग्लूटेन येत नाही. युरोपीय संघाचा लेबलविषयक कायदाही हेच धरून चालतो : अल्कोहोलच्या ऊर्ध्वपातनासाठी वापरलेलं धान्य त्याने अ‍ॅलर्जीच्या सक्तीच्या सूचनेतून वगळलं आहे. माल्ट व्हिनेगरला ही सूट नाही. त्यावर बार्ली लिहावंच लागतं.

इथवर सरळ आहे. अडचण पुढे आहे : माल्ट व्हिनेगरमधलं ‘थोडं’ म्हणजे किती, हे मोजणंच अवघड. ग्लूटेन तपासण्याची नेहमीची चाचणी प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते, जसं पोतं उचलताना दोघं दोन टोकं धरतात. प्रथिन अख्खं असेल तर पकड बसते. आंबवलेल्या पदार्थात तुकडे इतके लहान असतात की दुसरं टोकच सापडत नाही आणि चाचणी खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. एकाच ठिकाणी पकडणारी दुसरी चाचणी आहे आणि अशा पदार्थांना तीच अधिक योग्य. पण तिचा आकडाही कशाशी ताडायचा हा प्रश्न उरतो, कारण प्रत्येक पदार्थात तुकडे वेगवेगळे पडतात.

याच मुद्द्यावर दोन देश दोन दिशांना गेले. दोन्हीकडे ‘ग्लूटेनमुक्त’ची मर्यादा एकच, किलोला २० मिलिग्रॅम, भारतातही तीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० साली ठरवलं की आंबवलेल्या पदार्थाची खात्री अखेरच्या चाचणीवर सोडायची नाही, कच्चा माल आंबवण्याआधीच ग्लूटेनमुक्त हवा. जवाचा माल्ट तसा नसतो, त्यामुळे माल्ट व्हिनेगरला तिथे ते लेबल मिळत नाही. ब्रिटनमधली ‘सीलिअ‍ॅक यूके’ ही रुग्णांची संस्था मात्र माल्ट व्हिनेगर चालेल असं सांगते, कारण त्यात ग्लूटेन अगदी कमी उतरतं आणि ते खाल्लंही थोडंच जातं.

या दुसऱ्या कारणाचा हिशेब करून पाहू. बाटलीत मर्यादेइतकं, म्हणजे किलोला २० मिलिग्रॅम ग्लूटेन आहे असं धरा. चिप्सवर एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम व्हिनेगर घातलं तर पोटात ०.३ मिलिग्रॅम जातं. बहुतेक सीलिअ‍ॅक रुग्णांच्या बाबतीत दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आतली मात्रा आतड्याला इजा करण्याची शक्यता कमी मानतात. तुलनेला, ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास, म्हणजे अडीच हजार मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. पण किलोला २० मिलिग्रॅमच ग्लूटेन असलेली बिअर कुणी अर्धा लिटर प्यायली, तर १० मिलिग्रॅम एका बैठकीत पूर्ण होतात. व्हिनेगरला सवलत मिळते ती चमच्याने मोजलं जातं म्हणून. हा हिशेब सीलिअ‍ॅकपुरता आहे. ज्याला जवाची अ‍ॅलर्जी आहे, त्याने माल्ट व्हिनेगर टाळावं.

बाटली निवडताना रंगावर जाऊ नका. ब्रिटनमध्ये माल्ट व्हिनेगरचंच पुढे ऊर्ध्वपातन करून पाण्यासारखं स्वच्छ ‘डिस्टिल्ड माल्ट व्हिनेगर’ करतात. नावात माल्ट असूनही प्रथिन मागे राहिलेलं असतं. उलट तिथल्या चिप्सच्या दुकानांत अ‍ॅसिटिक आम्ल पाण्यात मिसळून, कॅरॅमलने तपकिरी केलेला द्रवही शिंपडतात. तो माल्ट व्हिनेगरसारखा दिसतो, पण तो आंबवलेलाच नसतो. लेबलवर दोनच गोष्टी शोधाव्यात : बार्ली किंवा माल्ट हा शब्द आहे का, आणि ऊर्ध्वपातनानंतर माल्टचा अर्क किंवा स्वाद मिसळला आहे का. भट्टीने अडवलेलं प्रथिन पुन्हा आत येऊ शकतं ते याच दाराने.

आपल्याकडच्या दुकानातल्या स्वस्त पांढऱ्या बाटलीवर बहुधा ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं. ते अ‍ॅसिटिक आम्ल आणि पाणी. त्यात धान्यच नाही. गोव्याचं माडाच्या सुरेचं आणि उसाच्या रसाचं व्हिनेगर भट्टीतून जात नाही, पण त्यातही ग्लूटेन नसतं, कारण मुळात धान्य नव्हतंच. तेव्हा प्रश्न दोनच आणि त्याच क्रमाने : सुरुवात कशापासून झाली, आणि गहू-जवापासून झाली असेल तर वाटेत भट्टी लागली का?

पुढच्या लेखांकात : सोया सॉसमध्ये गहू कशासाठी घालतात, आणि आंबल्यावर त्याचं काय होतं?