सहा कॉम्प्युटर, एक स्विच

दिवाळीच्या सुट्टीत पाच-सहा मित्र आपापले कॉम्प्युटर घेऊन एकाच्या घरी जमले, की पहिले दोन तास हमखास वाया जातात. कुणाचा गेम अपडेट मागतो, कुणाचा पासवर्ड आठवत नाही, घरचं वायफाय सहा डाउनलोडखाली आडवं होतं. शेजारी शेजारी बसलेल्या सहा जणांना एकमेकांशी खेळायला खरं तर इंटरनेट लागतच नाही. १९९३ साली आलेला ‘डूम’ चार कॉम्प्युटर वायरने जोडून खेळता येत होता. पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंमध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’चे सामने रंगायचे, तेही दुकानातल्याच वायरींवर. हीच सोय आज घरात करायला जेमतेम खर्च येतो, पण तयारी मात्र पाहुणे येण्याआधी झालेली असावी लागते.

समजा, खेळणारे सहा जण आहेत आणि सर्व्हरसाठी एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवला आहे. म्हणजे सात यंत्रं. त्यांना आठ पोर्टचा साधा गिगाबिट स्विच पुरतो आणि एक पोर्ट अडीनडीला शिल्लक राहतो. खेळणारे आठ झाले, तर सर्व्हर धरून नऊ यंत्रं होतात आणि आठ पोर्टचा स्विच कमी पडतो. हा हिशेब खरेदीआधीच करावा. या स्विचमध्ये काहीही सेटिंग करावं लागत नाही. वीज द्यायची आणि वायरी खोचायच्या. पातळ नवीन लॅपटॉपना मात्र लॅनचं भोकच नसतं, त्यांच्यासाठी यूएसबीचा लॅन अडॅप्टर आधी मागवून ठेवावा.

गेम चालताना नेटवर्कवरून जाणारा मजकूर अगदी थोडा असतो, मग गिगाबिट कशाला? तर फाइली वाटायला. ४० जीबीचा एखादा गेम एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर न्यायचा, तर दोन्हीकडे एसएसडी असताना गिगाबिटवर सहा-सात मिनिटं लागतात. १०० एमबीपीएसच्या जुन्या स्विचवर त्यालाच तासभर. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात. एखादी तुटली तर जोडणी गुपचूप १०० वर उतरते, किंवा होतच नाही. म्हणून नेहमीच्या वेगापेक्षा कॉपी फारच रेंगाळली, तर आधी केबल बदलून पाहावी.

आणखी एक घोळ ऐन गर्दीत होतो. मोकळी लोंबणारी केबल दिसली, की कुणीतरी सौजन्याने तिचं दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये खोचतं. साध्या स्विचला हे फेरे ओळखता येत नाहीत. तेच ते संदेश गोल गोल फिरत राहतात आणि सगळ्यांचा खेळ एकदम गोठतो. ओळखायची खूण म्हणजे स्विचचे सगळे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकू लागतात. ती केबल उपटली, की काही क्षणांत सगळं सुरळीत होतं.

आता पत्ते. एरवी प्रत्येक कॉम्प्युटरला आयपी पत्ता राउटर देतो. इथे राउटर नाही, म्हणून पत्ते हातानेच द्यायचे. सर्व्हरला `192.168.50.10`, खेळणाऱ्यांना `192.168.50.21` पासून `192.168.50.26` पर्यंत, आणि सबनेट मास्क सगळ्यांचा `255.255.255.0`. घरच्या राउटरचे पत्ते बहुधा `192.168.0` किंवा `192.168.1` ने सुरू होतात, म्हणून इथे मुद्दाम ५० निवडला आहे. वायफाय आणि वायर दोन्हींवर एकाच मालिकेतले पत्ते आले, तर कोणता निरोप कुठून पाठवायचा याचा गोंधळ उडतो. विंडोजमध्ये `ncpa.cpl` टाइप केलं, की नेटवर्कची खिडकी उघडते. तिथे Ethernet च्या Properties मध्ये हे आकडे भरायचे आणि गेटवेचा रकाना कोरा ठेवायचा. प्रत्येकाचा पत्ता कागदाच्या चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवला, तर पुढची निम्मी विचारपूस वाचते.

`ipconfig` केल्यावर `169.254` ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्या कॉम्प्युटरवर आकडे भरायचे राहिले आहेत. कुणीही पत्ता दिला नाही, की विंडोज स्वतःच असा एक पत्ता घेतं.

पत्ते बरोबर, स्विचचा दिवा लागलेला, तरी सर्व्हर सापडत नाही, असं झालं तर संशय फायरवॉलवर घ्यावा. गेटवे कोरा ठेवल्यामुळे विंडोजला हे नेटवर्क ‘अनोळखी’ वाटतं आणि ते त्याला Public समजतं, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायइतकंच परकं. सर्व्हर पहिल्यांदा सुरू केल्यावर परवानगीची चौकट येते, तिथे Private आणि Public दोन्हींवर खूण करायची. घाईत Cancel दाबलं गेलं, तर ती चौकट पुन्हा येत नाही. मग फायरवॉलच्या यादीत जाऊन परवानगी द्यावी लागते. `ping` ला उत्तर नाही म्हणून केबल खराब ठरवू नये. फायरवॉल पिंगलाही अडवते.

गेम कोणता, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे, कारण पुष्कळ नवीन गेमांमधून लॅनची सोयच काढून टाकलेली आहे. २०१० चा ‘स्टारक्राफ्ट २’ लॅनशिवायच बाजारात आला, तेव्हा चाहते चांगलेच भडकले होते. अशा कामाला जुने आणि फुकट गेम उत्तम. ‘क्वेक ३’चा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला आणि त्यावर ‘ओपनअरीना’ उभा राहिला. तो पाचेकशे एमबीत मावतो, जुन्या लॅपटॉपवर पळतो आणि त्याला कुठलंही खातं लागत नाही. त्यात रक्तपात आहे आणि काही पात्रांचे कपडे तोकडे आहेत. घरात लहान मुलं असतील, तर ‘झिरो एडी’सारखा डावपेचांचा गेम घ्यावा.

ओपनअरीनाची ०.८.८ ही आवृत्ती एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवरून सहाही जणांकडे तीच टाकावी. ‘माझ्याकडे आहे’ म्हणणाऱ्याकडे बहुधा वेगळी आवृत्ती असते आणि सर्व्हर त्याला आत घेत नाही. सर्व्हरच्या लॅपटॉपवर गेमच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून हे लिहायचं:

```
oa_ded.exe +set dedicated 1 +set g_gametype 0 +set fraglimit 20 +set timelimit 15 +map oa_dm1
```

इथला `dedicated 1` म्हणजे सर्व्हर फक्त घरातल्या नेटवर्कसाठी. `g_gametype 0` म्हणजे प्रत्येकजण स्वतःसाठी. वीस बळी किंवा पंधरा मिनिटं, जे आधी होईल तिथे फेरी संपते. गेमच्या Local यादीत हा सर्व्हर दिसला नाही, तर `~` दाबून कन्सोलमध्ये थेट पत्ता द्यावा:

```
/connect 192.168.50.10
```

सर्व्हर खेळणाऱ्यांपैकी कुणाच्या कॉम्प्युटरवरही चालतो. पण तो कॉम्प्युटर अडखळला, की सगळेच अडखळतात. शिवाय यजमानाचा पिंग जवळपास शून्य असल्याने ‘तू म्हणूनच जिंकतोस’ हा वाद ठरलेला. वेगळा लॅपटॉप हा वादच मिटवतो.

विजेचं गणितही मांडावं. मॉनिटरसह तीन डेस्कटॉप प्रत्येकी ४०० वॉटचे आणि तीन गेमिंग लॅपटॉप प्रत्येकी १५० वॉटचे धरले, तर बेरीज १६५० होते. भिंतीतलं ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला १३८० वॉट पेलतं. सगळा भार एकाच एक्स्टेंशन बोर्डावर टाकू नये. डेस्कटॉप एका खोलीच्या सर्किटवर आणि लॅपटॉप दुसऱ्याच्या, किंवा निम्मा भार १६ अँपिअरच्या सॉकेटवर घ्यावा. इन्व्हर्टरवर फक्त स्विच आणि सर्व्हर ठेवावेत.

आणि मंडळी पांगण्याआधी प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर पुन्हा ‘Obtain an IP address automatically’ निवडून द्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी कॉलेजात किंवा ऑफिसात वायर लावूनही इंटरनेट चालणार नाही, आणि तक्रारीचा फोन यजमानालाच येईल.