अकरा वर्षांची पॉलिसी, दीड वर्षाचा हिशेब

तेराव्याच्या आसपास विमा शाखेकडून ईमेल येतो: मृत्युदाव्यासाठी खालील कागदपत्रे सादर करावीत. घरातलं कुणीतरी तो मोबाइलवर वाचतं आणि कपाट उघडतं. ही यादी सगळ्यांना सारखी नसते, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

आयुर्विमा महामंडळाचं उदाहरण घेऊ. साध्या दाव्याला फार काही लागत नाही. मूळ पॉलिसी बाँड, मृत्यूचा दाखला, नॉमिनीने भरलेला ३७८३ क्रमांकाचा अर्ज, नॉमिनीचं ओळखपत्र आणि बँक खात्यासाठी रद्द केलेला चेक. बाँड सापडला नाही तर क्षतिपूर्ती बंधपत्र द्यावं लागतं, पण त्यामुळे दावा बुडत नाही.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याने जून २०१३ मध्ये पॉलिसी घेतली. पुढे हप्ते थकले, पॉलिसी बंद पडली. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने थकबाकी भरून, तब्येतीचं निवेदन देऊन ती पुन्हा चालू केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला. बायकोच्या लेखी पॉलिसी अकरा वर्षांहून जुनी. कायद्याच्या लेखी मात्र विमा कायद्याच्या कलम ४५ मधली तीन वर्षं पुनरुज्जीवनापासून पुन्हा मोजली जातात. म्हणून तिच्या यादीत उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र (अर्ज ३७८४), रुग्णालयाचं प्रमाणपत्र (अर्ज ३८१६), अंत्यविधीचा दाखला आणि नवरा नोकरीत असेल तर मालकाचं प्रमाणपत्रही येतं. २०२३ च्या निवेदनात एखादा आजार लपवला होता का, एवढंच कंपनीला त्यातून तपासायचं असतं. हे एक वाक्य ईमेलमध्ये असलं, तर ‘आमच्यावर संशय का?’ हा तिच्या मनातला सल निघतो. ते वाक्य लिहायलाच हवं, असं मला कळकळीने वाटतं.

याच ईमेलमध्ये दुसरी सूचना नावाची हवी. बाँडवर ‘पांडुरंग’, मृत्यूच्या दाखल्यावर ‘पांडू’. रुग्णालयात घाईत कुणी जे सांगितलं तेच नोंदलं गेलं. शाखेतला टेबल इथे अडतो. दुरुस्ती ज्या ग्रामपंचायतीने किंवा नगरपालिकेने मृत्यूची नोंद केली तिथेच होते, शाखेत नाही. म्हणून दाखला हातात पडताच नाव, वडिलांचं नाव आणि मृत्यूची तारीख बाँडशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. बँक, भविष्यनिर्वाह निधी सगळीकडे तोच दाखला लागतो, त्यामुळे प्रती चार-पाच घ्याव्यात.

मृत्यू अपघाती असेल तर प्राथमिक माहिती अहवाल, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल जोडावे लागतात. ते पोलिस ठाण्यातून मिळायला वेळ लागतो. त्यांची वाट पाहत बसू नये. मृत्यू झाल्याचं लेखी पत्र पॉलिसी क्रमांकासह शाखेला लगेच द्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. नंतर दिलेल्या प्रत्येक कागदाचीही तशीच पोच ठेवावी.