डिग्रीचा रकाना

गणेशपुरीच्या परिसरातील ज्या दूध संकलन केंद्रावर माझ्या उमेदीची वर्षे गेली, तेथील हाताने लिहावयाचे रजिस्टर गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी कायमचे बंद झाले आणि त्याच्या जागी छापील पावतीची चिटोरी व मोबाईलवरचा संदेश आला. रजिस्टर गेल्याचे दुःख मी करीत बसलो नाही, कारण पहाटेच्या अंधारात गारठलेल्या बोटांनी आकडे लिहिण्याचे आणि पंधरवड्याच्या अखेरीस रात्र जागवून बेरजा मांडण्याचे कष्ट मी जाणतो. मनाला लागले ते निराळेच. नव्या पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम एवढे पाच आकडे आहेत. परंतु ज्यांच्यावाचून एसएनएफ निघूच शकत नाही, ती लॅक्टोमीटरची डिग्री आणि ते दुधाचे तापमान, या दोन रकान्यांना तिच्यावर जागाच ठेवलेली नाही.

आरंभीच्या वर्षांविषयी सांगण्यासारखे फार नाही. मुंबईच्या दुधासाठी गोरेगावला १९४९ साली आरे वसाहत उभी राहिली, सरकारी दूध योजना वाढली, आमच्या भागातील म्हशीचे दूध कधी भय्याच्या बरणीतून तर कधी टेंपोतून शहराकडे जात राहिले; माप घालावे, पाण्याचा संशय आल्यास लॅक्टोमीटर बुडवावा आणि ठरलेला दर द्यावा, एवढ्यावर व्यवहार संपे. दूध चांगले की सामान्य, याची दखल दप्तरात कोठेच नव्हती.

ज्या दशकाने मला हिशेब शिकवला ते १९८५ ते १९९५ चे. फॅट आणि एसएनएफ अशा दोन्ही अंगांनी दर ठरू लागला होता. दरपत्रक म्हणजे एक मोठा तक्ता : उभ्या बाजूस फॅट, आडव्या बाजूस एसएनएफ, दोन्ही एकेका दशांशाच्या पायरीने चढणारे, आणि जेथे दोन ओळी मिळतील त्या घरात लिटरचा दर. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट व ९.० एसएनएफ हा महाराष्ट्रातला पाया मानला जाई. त्याच्या खाली गेलेल्या प्रत्येक दशांशाला कपात आणि वर गेलेल्याला वाढ. महिन्याचे दोन पंधरवडे, एक ते पंधरा आणि सोळा ते अखेर. प्रत्येक उत्पादकाच्या सकाळ-संध्याकाळच्या नोंदी रजिस्टरावरून खतावून, पशुखाद्याची व उचलीची वजावट करून, उरलेली रक्कम सहीनिशी हाती द्यावयाची.

फॅट काढण्यासाठी गर्बरची पद्धत होती. ब्युटिरोमीटरमध्ये १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध, मग १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल. बूच लावून, हालवून, यंत्रात फिरवून घेतले की स्निग्धांश पिवळसर स्तंभाच्या रूपाने दांड्यात वर येई आणि रेघांवर मोजता येई. कॅनमधले दूध नीट ढवळल्याशिवाय नमुना घेतला, तर वर साय असल्यामुळे वरच्या भांड्यात फॅट फुगे आणि तळाशी खालावे. पण खरा तंटा फॅटवर क्वचितच होई. तो होई एसएनएफवर, कारण एसएनएफ कोणी डोळ्यांनी पाहत नाही, तो गणिताने काढावा लागतो.

ते गणित असे. लॅक्टोमीटर २७ अंश सेल्सियसला बरोबर दाखवतो. दूध त्याहून गरम असेल तर विरळ होते आणि डिग्री कमी दिसते, म्हणून प्रत्येक जादा अंशाला सुमारे ०.२ डिग्री मिळवावी लागते. थंड असेल तर तितकीच वजा. अशा दुरुस्त डिग्रीला चाराने भागावे, त्यात फॅटचा चौथा हिस्सा मिळवावा आणि शेवटी ०.४४ ही ठराविक संख्या घालावी. ही शेवटची संख्या सर्व ठिकाणी एकच नसे, म्हणून आम्ही ती दरपत्रकाच्या कोपऱ्यात लिहून भिंतीला लावीत असू.

एक नमुना घेऊ. म्हशीचे ताजे दूध, फॅट ६.२, लॅक्टोमीटरवर २७, तापमान ३२ अंश. पाच अंश जादा म्हणून एक डिग्री मिळवली की २८. तिचा चौथा हिस्सा ७, फॅटचा चौथा हिस्सा १.५५ आणि ०.४४, बेरीज ८.९९. जवळच्या दशांशाला नेले तर ९.०. पुढचा आकडा नुसता कापून टाकला तर ८.९. आणि तापमानाची दुरुस्ती विसरून २७ वरच हिशेब केला तर ८.७४, म्हणजे ८.७. एकाच भांड्यातील दुधाचे हे तीन निकाल, तिन्ही आकड्यांचे स्वरूप सारखेच निर्दोष. दरपत्रकात एका दशांशाला लिटरमागे पाच पैसे धरले, आणि दिवसाला आठ लिटर दूध असले, तर शेवटच्या वाटेने पंधरवड्यात अठरा रुपये गेले. आणि ते कोठे गेले हे उत्पादकाला कळावयाचे साधन एकच, डिग्रीचा व तापमानाचा रकाना.

ही दुरुस्ती न करणे ही आमच्याकडे एकेकाळी रीतच होऊन बसली होती. वरच्या संघाकडून तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने, ज्याचे नाव मी येथे मुद्दाम घेत नाही, थर्मामीटर हा खेड्यातल्या केंद्राला अनावश्यक खर्च असे माझ्या तोंडावर सांगितले. नुकतेच काढलेले, फेसाळलेले आणि कोमट दूध घेऊन येणारा मनुष्य त्या वाचलेल्या खर्चाची किंमत रोज भरीत होता, हे त्या गृहस्थास दिसले नाही. दूध थोडे थांबू दिले, हवा निघून गेली, तर तीच डिग्री वर चढते, हे मी त्याच्यासमोर करून दाखवले; पुढच्या पंधरवड्यापासून थर्मामीटर आला.

त्याच रकान्यांनी आम्हाला दुधाचा स्वभाव ओळखायला शिकवले. एखाद्याची फॅट आणि डिग्री दोन्ही एकाच दिवशी उतरली, तर पाणी. फॅट उतरून डिग्री चढली, तर साय काढलेली. आणि फॅट पुष्कळ उतरून डिग्री मात्र जागच्या जागी राहिली, तर साय काढून पाणी घातलेले असण्याचा संशय. "काका, डिग्री किती बसली?" असे विचारणाऱ्या बायका मग रजिस्टर स्वतःकडे फिरवून मागच्या आठवड्याचा आकडा पाहत. तक्रारीची रुजुवात तेथेच, चारचौघांत होई.

१९९२ साली केंद्र सरकारचा दूध व दुग्धपदार्थविषयक आदेश निघाला आणि त्याच्या आगेमागे खासगी डेअऱ्यांनी संकलनात पाय रोवले. दराची स्पर्धा लागली, ती उत्पादकाला काही काळ लाभली. परंतु दरपत्रकाची मांडणी आमच्या हाती राहिली नाही. पायाखालच्या दशांशाची कपात पायावरच्या वाढीपेक्षा मोठी करणे हा शहाणपणा तेव्हापासून रुजला, आणि आज त्याला रिव्हर्स दर असे नाव आहे. जुलै २०२३ मध्ये राज्य शासनाने गाईच्या दुधाला ३.५ फॅट व ८.५ एसएनएफसाठी ३४ रुपये किमान दर ठरवला. काही महिन्यांतच तो बाजारात टिकला नाही हे सर्वश्रुत आहे. पण ज्यांना तो मिळाला त्यांनाही वर्तमानपत्रातला ३४ वाचून हाती कमी का पडले, याचे उत्तर त्या ८.५ मध्येच शोधावे लागे, आणि तो आकडा कसा निघाला हे पावती सांगत नव्हती.

नव्या यंत्राला मी दोष देत नाही. ध्वनिलहरींनी मिनिटभरात फॅट सांगणारे हे यंत्र दुधाची घनता आणि तापमानही मोजते. त्याच्या पडद्यावर ते आकडे मी स्वतः पाहिले आहेत. केंद्रावरच्या तरुणाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "ते येतात काका, पण पावतीत छापायचं बंद ठेवलंय." कोणी बंद ठेवले, हे त्यालाही ठाऊक नव्हते. मग प्रमाणित लॅक्टोमीटरशी यंत्राची पडताळणी शेवटची केव्हा झाली, एवढे तरी दाखव, असे मी म्हणालो. त्यासाठी वही नाही. पंधरवड्याच्या पावतीवर डिग्री व तापमान हे दोन आकडे छापावेत, पडताळणीची तारीख आणि दरपत्रक भिंतीवर लावावे, असा लेखी अर्ज मी केंद्राकडे दिला आहे, आणि त्यावर माझ्याबरोबर दूध घालणाऱ्या इतरांच्याही सह्या आहेत.