पांढरं आभाळ परत येतं का?

मानवतच्या बाजारात कापसाच्या ढिगाजवळ भर दुपारी चित्रण केलं, की आभाळ आणि कापूस दोन्ही पांढरेफटक होतात. रिझॉल्व्हमध्ये आधी वेव्हफॉर्म पाहा. हायलाइट खाली ओढल्यावर वरची रेघ तुटून ढगांचे आकार उमटले, तर माहिती शिल्लक आहे. रेघ तशीच सपाट खाली सरकली आणि आभाळ नुसतं राखाडी झालं, तर माहिती गेलेली आहे. रॉ फाइल असेल तर Highlight Recovery लावून बघा. शाबूत चॅनेलवरून तो हरवलेल्या चॅनेलचा अंदाज बांधतो. गेलेल्या आभाळात फिकट निळी छटा भरता येते. कपाळावरचा जळका डाग मात्र तसा झाकता येत नाही, त्वचा मेणासारखी दिसते. म्हणून चित्रण करतानाच झेब्रा चालू ठेवा आणि चेहऱ्यावर पट्टे दिसले की एक्स्पोजर उतरवा.